ग्राहकांची माहिती बाहेर गेली आहे. त्यांना पाठवायचं पत्र कसं लिहावं?

नौपाडा_मेघना

नमस्कार मंडळी. मी ठाण्यातल्या एका टूर कंपनीत काम करते. शाखा नौपाड्यात आणि वाशीत. ग्राहकांना जाणारी पत्रं, मेसेज, टूरच्या सूचना हे सगळं माझ्याकडे असतं.

21 ऑगस्टला ऐरोलीच्या एका ग्राहकाचा फोन आला. आमच्या बुकिंग फॉर्मच्या लिंकमध्ये शेवटी एक नंबर असतो. त्यांच्याकडून टाइप करताना एक आकडा चुकला आणि भलत्याच कुटुंबाचा फॉर्म उघडला, पासपोर्टच्या फोटोसकट. त्यांनी लगेच कळवलं आणि त्याच संध्याकाळी आम्ही ते पान बंद केलं. पण ही वेबसाइट फेब्रुवारीपासून चालू आहे आणि तिच्यात सुमारे 1300 फॉर्म आहेत. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, टूरच्या तारखा, पासपोर्ट किंवा आधारची प्रत. परदेशी टूरवाल्यांचं पॅनही, कारण टूरच्या रकमेवरच्या टीसीएस या करासाठी ते घ्यावंच लागतं. पैसे वेगळ्या गेटवेवर भरले जातात, त्यामुळे कार्डाची माहिती आमच्याकडे नसते.

आता ग्राहकांना पत्र पाठवायचं आहे. वेबसाइट बनवणाऱ्यांनी हा मसुदा दिलाय:

"आपल्या माहितीची सुरक्षितता ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे. अलीकडेच एका सायबर घटनेमुळे काही ग्राहकांच्या मर्यादित माहितीवर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे. माहितीचा गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा नाही. खबरदारी म्हणून कृपया आपला पासवर्ड बदलावा."

मला हे पाठवायला नको वाटतंय. आमचे निम्म्याहून जास्त ग्राहक साठीच्या पुढचे आहेत. खरं सांगायचं, घाबरवायचं नाही, आणि नेमकं काय करायचं तेही सांगायचं. असं पत्र कोणी लिहिलंय का?

घोडबंदरचा_पक्या

पाठवूच नका. 1300 पैकी 1290 जणांना काही कळणार नाही. पत्र गेलं की मात्र सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तुमचंच नाव फिरेल.

वाशी_सेक्टर17

पक्या, त्या ऐरोलीच्या गृहस्थांना कळलंय ना? त्यांच्या ग्रुपवर ते आधीच फिरलं असेल. लोकांना कंपनीकडून कळावं की लिफ्टमध्ये, एवढाच प्रश्न उरलाय.

खारघरची_वैशाली

माझ्याही बाबतीत हेच झालंय. मी कुठलंही कर्ज घेतलेलं नाही आणि दोन महिन्यांपासून वसुलीवाले फोन करतायत. माझं पॅन कुठून गेलं ते कसं शोधायचं? कंपनीवर केस करता येते का? कोणी वकील आहे का इथे?

लॉगबुक

वैशालीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण आधी त्याचं सांगतो. पॅन कुठून गेलं याच्या मागे आत्ता लागू नका. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. तो काढा. तुम्ही न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं तर त्या ओळीवर तिथेच तक्रार नोंदवा, कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लेखी कळवा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये भरपाई मिळायला हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोनवर वसुलीवाल्यांशी वाद घालू नका. लेखी मागा.

मेघनाताई, आता तुमचं. मी महाप्याला एका कंपनीत हेच काम करतो. काहीतरी घडल्यावर काय घडलं ते शोधायचं. पत्राच्या शब्दांआधी मला एक सांगा, सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोणतं पान कधी आणि कुठून उघडलं गेलं त्याच्या नोंदी, काढून ठेवलेत का? आणि ते किती मागेपर्यंतचे आहेत? पत्रात काय लिहिता येईल हे त्यावर ठरतं.

नौपाडा_मेघना

वेबसाइटवाल्यांना विचारलं. लॉग 30 दिवसच राहतात म्हणे. 22 जुलैपासूनचे आहेत.

लॉगबुक

मग ती फाइल आजच्या आज दुसरीकडे उतरवून घ्या, नाहीतर रोज एकेक दिवस पुसला जाईल. दोष फेब्रुवारीपासून आहे आणि नोंदी 22 जुलैपासूनच्या. म्हणजे मधल्या पाच-साडेपाच महिन्यांबद्दल तुमच्याकडे काहीही नाही. अशा वेळी "गैरवापराचा कोणताही पुरावा नाही" हे वाक्य शब्दशः खरं असतं आणि तरी फसवं असतं. पुरावा ठेवलाच नव्हता, तर तो सापडणार कुठून? वाचणाऱ्याला वाटतं, यांनी शोधलं आणि काही निघालं नाही. मसुद्यातलं पहिलं खोडायचं वाक्य हेच.

जे लॉग आहेत त्यात फॉर्मच्या पानाच्या ओळी काढा आणि एकाच आयपी पत्त्यावरून फॉर्मचे नंबर ओळीने वाढत गेलेत का ते पाहा. साधा ग्राहक आपला एकच फॉर्म उघडतो, फार तर दोनतीनदा. ऐरोलीच्या गृहस्थांच्या ओळी त्या दिवशीच्या आणि मोजक्या असतील. त्या बाजूला काढा.

ठाणेकर_आजोबा

पासपोर्टची प्रत गेली असेल तर सरळ पासपोर्ट हरवल्याची तक्रार द्यायला सांगा. नवीन नंबरचा मिळतो. आमच्या शेजाऱ्यांनी तसंच केलं होतं.

वाशी_सेक्टर17

आजोबा, शेजाऱ्यांचा खरंच हरवला असेल. इथे पासपोर्ट ग्राहकाच्या कपाटातच आहे, गेलाय त्याचा फोटो. हरवल्याची नोंद केली की तो पासपोर्ट रद्द होतो, आणि पुढच्या महिन्यात टूर असेल तर माणूस विमानतळावर अडकेल. मेघना, हे पत्रात स्पष्ट लिहा. हा सल्ला तुमच्या ग्राहकांना कोणी ना कोणी देणारच आहे.

ठाणेकर_आजोबा

बरोबर. रद्द होण्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग तर लिहाच.

कायदेकानू

मी वकील आहे, पण हा माझा रोजचा विषय नाही. नवीन डेटा संरक्षण कायद्यात ग्राहकांना 72 तासांत कळवावं लागतं, नाहीतर 250 कोटींपर्यंत दंड आहे. त्यामुळे पत्रात "आमची चूक" किंवा "माफी" असे शब्द अजिबात नकोत. ती लेखी कबुली ठरते.

लॉगबुक

कायदेकानू, थोडी दुरुस्ती. 72 तासांची मुदत डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल देण्यासाठी आहे. ग्राहकांसाठी तासांचा आकडा नाही, "विलंब न करता" असं आहे. 250 कोटींची कमाल मर्यादा आहे ती माहिती सांभाळण्यात कसूर केल्याबद्दल, न कळवल्याबद्दलची 200 कोटी. कायदा 2023 चा असला तरी नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि कळवण्याचं हे कलम त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतं.

पण सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल 2022 चा आदेश आजही लागू आहे. घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांना कळवायचं असतं आणि लॉग 180 दिवस ठेवायचे असतात. 6 तास उलटून गेलेत, तरी आज कळवा. उशिरा कळवणं न कळवण्यापेक्षा केव्हाही बरं. `incident@cert-in.org.in` वर मेल जातो.

नवे नियम लागू नसले तरी ग्राहकाला काय सांगायचं याचा त्यातला साचा चांगला आहे, मी तोच वापरतो. काय झालं आणि कधी, त्याचा तुम्हाला काय त्रास होऊ शकतो, आम्ही काय केलं, तुम्ही काय करायचं आणि कोणाशी बोलायचं. पाच उत्तरं, साध्या भाषेत.

कायदेकानू

तारखांचं मान्य. माफीबद्दल मी ठाम आहे. उद्या ग्राहक मंचात पहिला कागद हाच लागेल.

वाशी_सेक्टर17

आणि माफी नसलेलं पत्र वाचून जो चिडेल, तोच मंचात जाईल.

नौपाडा_मेघना

लॉग मिळाले. लॉगबुक, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. 9 ऑगस्टच्या रात्रीच्या ओळी (पत्ता बदललाय):

```
203.0.113.45 02:14:07 GET /form?id=3980 200
203.0.113.45 02:14:12 GET /form?id=3981 200
203.0.113.45 02:14:18 GET /form?id=3982 200
```

हे असं 4415 पर्यंत चालू आहे, सुमारे चाळीस मिनिटं. हे बघून माझ्या पोटात गोळा आला. त्यात माझ्या ओळखीच्या किती जणांचे फॉर्म आहेत.

लॉगबुक

शेवटचा 200 म्हणजे सर्व्हरने पान दिलं. पाच-सहा सेकंदाला एक, रात्री दोन वाजता, एकही नंबर न गाळता. हे माणसाच्या बोटांचं काम नाही, कोणीतरी छोटा प्रोग्रॅम लावून ठेवला होता. आता "शक्यता आहे" हा शब्दही गेला. 3980 ते 4415 म्हणजे 436 फॉर्म. ते उघडले गेले आहेत. एकच तपासा: प्रतींच्या फाइलीही त्याच पत्त्यावरून उतरवल्या गेल्यात का? त्यांच्या ओळी वेगळ्या असतात.

आणि आता पत्रं दोन लागतील. या 436 जणांना "तुमचा फॉर्म उघडला गेला" असं सांगायचं. उरलेल्यांना "उघडता येत होता. 22 जुलैनंतर कोणी उघडल्याची नोंद नाही, त्याआधीचं आम्ही सांगू शकत नाही." सगळ्यांना एकच मोघम पत्र पाठवलंत तर ज्याला काळजी घ्यायला हवी तो निवांत राहील आणि बाकीच्यांची झोप उडेल.

नौपाडा_मेघना

फाइलीही उतरवल्या आहेत. सगळ्या 436 च्या.

घोडबंदरचा_पक्या

मी पहिलं जे लिहिलं ते मागे घेतो. रात्री दोनला कोणी यंत्र लावून पासपोर्ट गोळा करत असेल तर सांगायलाच हवं. माझे सासूसासरे यंदाच ठाण्यातल्या एका कंपनीबरोबर दुबईला जाऊन आले. ती तुमचीच आहे का, हे विचारत नाही. पत्र आलं की कळेलच.

कोपरखैरणे_सुनीता

मी बँकेत काउंटरवर बसते. या माहितीचं पुढे काय होतं ते सांगते, कारण पत्रात "आर्थिक फसवणुकीची शक्यता" असं लिहून कोणालाच काही कळत नाही. फोन येतो, "काका, मी तुमच्या टूर कंपनीतून बोलतोय. 14 ऑक्टोबरची तुमची युरोप टूर, काकूंचा पासपोर्ट अमुक नंबरने संपतो, बरोबर ना? व्हिसाच्या फीमध्ये फरक आलाय, आजच 8,500 भरा, लिंक पाठवतो." तारीख बरोबर, नंबर बरोबर, काकूंचं नावही बरोबर. माणूस भरतोच. काउंटरवर आलेले लोक मला हेच सांगतात, "त्याला सगळं माहीत होतं हो."

म्हणून पत्रात हा फोन जसाच्या तसा लिहा. आधीच वाचलेला असेल तर ऐकताना ओळखू येतो.

वाशी_सेक्टर17

सुनीताताईंची पोस्ट या धाग्यातली सगळ्यात कामाची. आणि याच कारणासाठी तुमच्या पत्रात एकही लिंक नको. तुमच्या नावाने खोटी पत्रं सुटणार आहेत. "आमच्या खऱ्या पत्रात लिंक नसते" हे तेव्हाच सांगता येतं जेव्हा ती खरोखर नसते. फोन नंबरसुद्धा पत्रातला नको. "तुमच्या बुकिंगच्या पावतीवर छापलेल्या नंबरवर फोन करा" असं लिहा. पावती त्यांच्या घरात आहे, ती कोणी बदलू शकत नाही.

ठाणेकर_आजोबा

पावती कोण जपून ठेवतो? मी ठेवतो, पण आमचे चिरंजीव?

वाशी_सेक्टर17

चिरंजीव शाखेत जातील. राम मारुती रोडला खरेदीला जातातच ना!

ऐरोली_मकरंद

पासवर्ड बदला हे का काढायचं? चांगलीच सवय आहे की. शिवाय आधारचं बायोमेट्रिक लॉक, सिम तपासणं, बँकेत कळवणं, सगळंच सांगून टाका. जेवढी काळजी तेवढं बरं.

लॉगबुक

मकरंद, त्यांच्या वेबसाइटवर ग्राहकाचं लॉगिनच नाही, मग बदलायचा कोणता पासवर्ड? ज्याचं काही गेलेलं नाही ते बदलायला सांगितलं की वाचणारा ओळखतो, हे पत्र कुठून तरी उचललंय. मग कामाची ओळही तो वाचत नाही. बायोमेट्रिक लॉक चांगलं आहे, पण आधारच्या झेरॉक्समध्ये बोटांचे ठसे नसतात. हवं तर "करून ठेवू शकता" म्हणा. सत्तर वर्षांच्या माणसाला दहा कामं दिली तर तो एकही करणार नाही. तीन द्या, महत्त्वाचं आधी.

सिम तपासणं मात्र मी ठेवेन. `sancharsaathi.gov.in` वर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसतं. ओळखपत्राच्या प्रतीवर दुसऱ्याने सिम काढलं असेल तर तिथे कळतं.

ऐरोली_मकरंद

पण त्याने आधार दाखवून कर्ज काढलं तर? बायोमेट्रिकचं पहिल्या तीनात हवंच, असं मला अजूनही वाटतं.

नौपाडा_मेघना

सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलंय. हे 436 जणांसाठी. प्रत्येकाच्या फॉर्मप्रमाणे पासपोर्ट, पॅन, आधार हे शब्द बदलतील.

> विषय: तुमचा बुकिंग फॉर्म अनोळखी व्यक्तीने उघडला आहे
>
> नमस्कार,
>
> तुम्ही आमच्याकडे भरलेला टूरचा फॉर्म 9 ऑगस्टच्या रात्री एका अनोळखी व्यक्तीने आमच्या वेबसाइटवरून उघडला आणि त्यातल्या प्रती उतरवून घेतल्या. त्यात तुमचं नाव, पत्ता, फोन नंबर, जन्मतारीख, टूरच्या तारखा, पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि पॅनची प्रत होती. कार्डाचा किंवा बँक खात्याचा तपशील त्यात नव्हता.
>
> फॉर्म मागणारी व्यक्ती कोण आहे हे न तपासता आमची वेबसाइट तो दाखवत होती. हा दोष फेब्रुवारीपासून होता. 21 ऑगस्टला एका ग्राहकाने आम्हाला तो दाखवला आणि त्याच दिवशी आम्ही ते पान बंद केलं. तुमची कागदपत्रं आम्ही नीट सांभाळायला हवी होती. ती सांभाळली गेली नाहीत, याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. ही व्यक्ती कोण आहे हे अजून कळलेलं नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे.
>
> कृपया तीन गोष्टी करा.
>
> पहिली, आजपासूनच: आमच्या नावाने कोणी फोन करून तुमच्या टूरची तारीख किंवा पासपोर्टचा नंबर बरोबर सांगितला आणि व्हिसा, विमा किंवा तिकिटाच्या फरकाचे पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या. आम्ही फोनवर पैसे मागणार नाही आणि लिंक पाठवणार नाही. खात्री करायची असेल तर तुमच्या पावतीवरच्या नंबरवर स्वतः फोन करा किंवा शाखेत या. पैसे गेलेच तर एक मिनिटही न दवडता 1930 या सरकारी सायबर हेल्पलाइनवर फोन करा.
>
> दुसरी, या आठवड्यात: तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर पाहा.
>
> तिसरी, महिन्याभराने: तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढा. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. तुम्ही न मागितलेल्या कर्जाची चौकशी किंवा खातं त्यात दिसलं तर आम्हालाही कळवा, पुढच्या तक्रारीसाठी लागणारं पत्र आम्ही देऊ.
>
> पासपोर्ट हरवल्याची तक्रार करू नका. तुमचा पासपोर्ट चालू आहे, पण तशी तक्रार केल्यास तो रद्द होईल.
>
> वरीलपैकी काहीही जमत नसेल तर नौपाडा किंवा वाशी शाखेत या. आमची माणसं तुमच्या शेजारी बसून तुमच्याच फोनवर करून देतील.

कोपरखैरणे_सुनीता

क्रेडिट रिपोर्ट महिन्याभराने का, हे एका ओळीत घाला. "आज काढला तर नवीन कर्ज कदाचित दिसणार नाही, बँका नोंद पाठवायला वेळ घेतात." नाहीतर लोक आजच काढून निश्चिंत होतील, आणि फुकटचा एक रिपोर्टही वापरून बसतील.

लॉगबुक

चांगलं झालंय. "पोलिसांत तक्रार दिली आहे" हे पत्र जायच्या आधी खरं झालेलं असू दे. दुसऱ्या पत्रात पाच महिन्यांच्या नोंदी नाहीत हे वाक्य तळाशी ढकलू नका, वरच राहू दे. मालक तिथेच अडतील, सांभाळा.

कायदेकानू

"दोष होता" इथपर्यंत ठीक. "सांभाळायला हवी होती" हे वाक्य मी अजूनही काढेन. आणि वेबसाइट बनवणाऱ्याचं नाव का नाही टाकत? जबाबदारी त्याची आहे.

वाशी_सेक्टर17

ग्राहकाने कागदपत्रं मेघनाच्या कंपनीला दिली, वेबसाइटवाल्याला नाही. त्यांचं भांडण ते आपापसांत करतील.

कायदेकानू

करार पाहिल्याशिवाय मी हे मान्य करणार नाही.

नौपाडा_मेघना

मालकांना दाखवलं. माफीचं वाक्य त्यांनी स्वतःच ठेवायला सांगितलं, म्हणाले यातले बरेच जण आपल्याबरोबर तीनतीन टूर केलेले आहेत. पाच महिन्यांच्या ओळीवर बराच वेळ गेला, पण राहिली. कर्जाबद्दल तक्रारपत्र देण्याच्या आश्वासनावर अजून होकार नाही. सर्ट-इनला मेल गेला, पोलिस ठाण्यात आज दुपारी जातोय.

एक अडचण आहे. एसएमएससाठी मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर नवीन टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागतं, आणि पूर्ण पत्र त्यात मावणार नाही. काय करू?

लॉगबुक

एसएमएसमध्ये पत्र घालूच नका. "तुमच्या बुकिंगच्या माहितीबद्दल महत्त्वाचं पत्र ईमेलवर पाठवलं आहे. फोनवर कोणी पैसे मागितल्यास देऊ नका. शंका असल्यास पावतीवरील नंबरवर फोन करा." एवढंच. लिंक नसल्याने ती वेगळी नोंदवायचीही गरज नाही. मंजुरीची वाट पाहत ईमेल थांबवू नका, तो पोलिस ठाण्यातून परतलात की पाठवा. आणि 436 पैकी ज्यांची टूर येत्या दोन महिन्यांत आहे त्यांना छापील पत्र कुरिअरने पाठवा. खोटा फोन आधी त्यांनाच येईल.

ठाणेकर_आजोबा

छापताना अक्षर मोठं ठेवा. आणि पत्र गेल्यावर पहिल्या दिवशी सगळे एकदम फोन करतील. नंबर लागला नाही तर माणूस जास्त घाबरतो.

नौपाडा_मेघना

नौपाड्याला चार आणि वाशीला दोन जण फक्त फोनवर बसवतोय, शनिवार-रविवारीही. त्यांना हाच कागद दिलाय, उत्तरं याच शब्दांत द्यायची. वाशीला अजून एक माणूस मिळतोय का ते बघते.